165 हर्ट्झचा मॉनिटर 75 वर का अडकतो: केबल आणि पोर्ट तपासायची पद्धत

गेल्या वर्षी मी 27 इंची मॉनिटर घेतला. रिझोल्यूशन 2560 बाय 1440, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 165 हर्ट्झ. घरी आणून आधी कामाच्या लॅपटॉपला जोडला, तर सेटिंगमध्ये सर्वांत मोठा आकडा 75 दिसला. तीच केबल काढून डेस्कटॉपला लावली, तर 144. मॉनिटर सदोष आहे असं समजून मी खोकं पुन्हा बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात भाच्याकडे पडून असलेली डिस्प्लेपोर्टची केबल हाताशी आली, ती लावून पाहिली आणि यादीत 165 उमटला.

मॉनिटर तोच, टेबल तेच, आकडे मात्र तीन. या तिन्ही आकड्यांमागे एकच साधा हिशेब आहे, आणि तो आधी कुणी समजावला असता तर माझे दोन दिवस आणि नको असलेल्या एका केबलचे पैसे वाचले असते. तुमचाही मॉनिटर खोक्यावरच्या आकड्याला पोचत नसेल, तर खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. सोप्या आणि फुकटच्या आधी आहेत, खर्चाच्या शेवटी.

सुरू करण्याआधी हाताशी काय ठेवाल

- मॉनिटरचं माहितीपुस्तक किंवा कंपनीच्या साइटवरचा तांत्रिक तक्ता. खोकं पुरत नाही.
- ग्राफिक्स कार्डाचं किंवा लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव.
- घरातल्या सगळ्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट केबल्स, एकत्र करून.
- मोबाइलचा टॉर्च. कॅबिनेटच्या मागे काय कुठे खोचलंय ते नीट बघावं लागतं.
- कॅल्क्युलेटर.

## 1. आधी विंडोजला विचारा

नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा आपणहून 60 हर्ट्झ निवडतं आणि तिथेच थांबतं. अशा वेळी कुठेही अडचण नसते, फक्त आकडा बदलायचा राहिलेला असतो. विंडोज 11 मध्ये `Settings` → `System` → `Display` → `Advanced display` इथे जा. एकापेक्षा जास्त पडदे असतील तर वरच्या यादीतून योग्य मॉनिटर निवडा. खाली `Choose a refresh rate` असं दिसेल. ती यादी उघडा.

यादीत 165 असेल तर निवडा, काम झालं. नसेल, तर यादीतला सर्वांत मोठा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तपासाला तोच आकडा लागणार आहे.

याच पानावर `Desktop mode` आणि `Active signal mode` अशा दोन ओळी असतात. पहिली ओळ विंडोज कोणत्या मापाचं चित्र तयार करतंय ते सांगते, दुसरी तारेतून प्रत्यक्षात काय जातंय ते. आपल्याला दुसरीशी मतलब आहे. त्याखालच्या `Bit depth` आणि `Color format` याही नोंदी लिहून घ्या, पायरी 9 मध्ये लागतील.

लिनक्स वापरत असाल आणि एक्स11 सत्र असेल, तर टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
xrandr
```

प्रत्येक रिझोल्यूशनपुढे त्याचे रिफ्रेश दर येतात. ज्याच्यामागे `*` आहे तो सध्या चालू असलेला.

शेवटची खात्री मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतून करा. बहुतेक मॉनिटरांत बटण दाबल्यावर माहितीचं एक पान येतं, त्यावर आत येणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ लिहिलेले असतात. कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांचं म्हणणं जुळलं नाही, तर मॉनिटरवर विश्वास ठेवा, कारण सिग्नल त्याच्या दारात येऊन पोचलेला असतो.

## 2. तार नक्की कुठे खोचली आहे ते बघा

भाच्याचा फोन आला होता, "मामा, नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं तरी 75 च दाखवतंय." मी त्याला कॅबिनेटच्या मागचा फोटो पाठवायला सांगितलं. एचडीएमआयची तार वरच्या बाजूला, यूएसबी आणि माइकच्या भोकांशेजारी गेलेली होती. ते मदरबोर्डचं पोर्ट. ग्राफिक्स कार्डाची पोर्ट्स खाली, आडव्या पट्टीत होती आणि ती सगळी रिकामी होती.

प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डच्या पोर्टमधूनही चित्र येतं, म्हणून संशयच येत नाही. पण मग मर्यादा लागू होते ती त्या पोर्टची, कार्डाची नाही. इंटेलच्या बऱ्याच जुन्या पिढ्यांत, अगदी दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपर्यंत, अंगभूत ग्राफिक्सचं एचडीएमआय 1.4 दर्जाचंच होतं. महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि चित्र जुन्या अरुंद दारातून बाहेर पडतं.

लॅपटॉपवाल्यांना इथे पर्याय कमी असतो. काही गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं, काहींत ते प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समार्फत जातं. बाहेरून बघून हे कळत नाही. लॅपटॉपच्या तांत्रिक तक्त्यात पोर्टची आवृत्ती शोधा. नुसतं "एचडीएमआय" लिहून आकडा टाळला असेल, तर खरेदीआधी विचारून घ्या.

## 3. तुमच्या चित्राला किती जागा लागते ते काढा

आता हिशेब. तो एकदा स्वतःच्या हाताने केलात की पुढे कोणत्याही मॉनिटरबद्दल दुकानदारावर अवलंबून राहावं लागत नाही.

पडद्यावर आडवे 2560 आणि उभे 1440 ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांची माहिती लागते, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे एकूण 24 बिट. अशी पूर्ण चित्रं सेकंदाला 165 पाठवायची आहेत.

```
2560 × 1440 × 165 × 24 = 14,598,144,000
```

म्हणजे सेकंदाला सुमारे 14.6 गिगाबिट. पण हा फक्त दिसणाऱ्या ठिपक्यांचा हिशेब झाला. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताला ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागायचा, तेव्हापासूनची ही पद्धत. आजच्या पडद्यांना एवढी जागा लागत नाही, म्हणून ती बरीच कमी केली आहे, पण पूर्ण गेलेली नाही. या प्रकारच्या मॉनिटरला ती धरून वरच्या दरांना साधारण दहा-बारा टक्के वाढवावे लागतात, 60-75 सारख्या खालच्या दरांना सहा-सातच. म्हणजे 165 हर्ट्झला सुमारे 16.3 गिगाबिट.

याच पद्धतीने, मोकळी जागा धरून, 2560 बाय 1440 साठी बाकीचे आकडे असे येतात:

- 60 हर्ट्झ: सुमारे 5.6 गिगाबिट
- 75 हर्ट्झ: सुमारे 7.1
- 100 हर्ट्झ: सुमारे 9.6
- 120 हर्ट्झ: सुमारे 11.6
- 144 हर्ट्झ: सुमारे 14.1
- 165 हर्ट्झ: सुमारे 16.3

तुमचा मॉनिटर वेगळ्या मापाचा असेल तर वरच्या सूत्रात तुमचे आकडे घाला आणि उत्तरात दहा-बारा टक्के मिळवा. अंदाजाला एवढं पुरतं. फक्त उत्तर मर्यादेच्या अगदी काठावर आलं, तर माहितीपुस्तक बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

## 4. पोर्टमधून किती जातं ते बघा

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात सापडलो होतो. एचडीएमआय 2.0 बद्दल सगळीकडे 18 गिगाबिट असं लिहिलेलं असतं. मला हवेत 16.3, मग बसायला पाहिजे, असं मी धरून चाललो. पण 18 हा तारेवरून धावणाऱ्या सगळ्या बिटांचा आकडा आहे. सिग्नल शाबूत पोचावा म्हणून या पद्धतीत चित्राचे प्रत्येक 8 बिट 10 बिटांच्या रूपात पाठवले जातात. म्हणजे पाचवा हिस्सा वाहतुकीतच खर्च होतो, आणि 18 मधले चित्राच्या वाट्याला येतात 14.4.

हा खर्च वजा करून, चित्रासाठी खरोखर उरणारी जागा अशी:

- एचडीएमआय 1.4: 8.16 गिगाबिट
- एचडीएमआय 2.0: 14.4
- डिस्प्लेपोर्ट 1.2: 17.28
- डिस्प्लेपोर्ट 1.4: 25.92
- पूर्ण क्षमतेचं एचडीएमआय 2.1: 42 च्या थोडं वर

आता माझे तीन आकडे या दोन याद्यांशेजारी ठेवून बघा.

लॅपटॉप आठव्या पिढीच्या इंटेलचा, त्याचं एचडीएमआय 1.4 चं. जागा 8.16. 75 हर्ट्झला 7.1 लागतात, ते मावतात. 100 हर्ट्झला 9.6 लागतात, ते मावत नाहीत. मधला आकडा मॉनिटरच्या यादीत नव्हता, म्हणून 75.

डेस्कटॉपमध्ये जीटीएक्स 1060, त्याचं एचडीएमआय 2.0 दर्जाचं, मॉनिटरचंही तसंच. जागा 14.4. 144 हर्ट्झचे 14.1 जेमतेम बसले. 165 चे 16.3 बसत नाहीत. नीट बघितलंत तर मोकळी जागा अजिबात न धरताही 14.6 होतात, तेसुद्धा 14.4 च्या पलीकडे. म्हणजे एचडीएमआय 2.0 वरून या मॉनिटरवर पूर्ण रंगांत 165 मिळणं शक्यच नव्हतं. केबल कितीही भारी आणली असती तरी नाही. आणि मी नेमकं तेच केलं होतं, महागडी एचडीएमआय केबल आणली होती.

डिस्प्लेपोर्टला मात्र 1.2 असो की 1.4, 16.3 ला पुरेशी जागा आहे. म्हणून भाच्याच्या केबलने काम झालं.

नंतर मॉनिटरच्या माहितीपुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: एचडीएमआयवर कमाल 144, डिस्प्लेपोर्टवर कमाल 165. खोक्यावर फक्त मोठा आकडा छापला होता, आणि खोक्यात केबल फक्त एचडीएमआयची दिली होती.

विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि पाइपलाइनमध्ये कुठेतरी दहा फुटांचा एक इंची तुकडा जोडला, तर शेतात पाणी त्या तुकड्याच्या मापानं येतं. कॉम्प्युटरचं पोर्ट, मधली केबल, असेल तर कन्व्हर्टर, आणि मॉनिटरचं पोर्ट, अशा चार जागा आहेत. चारही तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

## 5. एचडीएमआय 2.1 या अक्षरांवर विसंबू नका

नवीन मॉनिटर घेणाऱ्यांसाठी ही पायरी वेगळी काढली आहे. एचडीएमआय 2.1 मध्ये वेगाने माहिती नेण्याची नवी पद्धत आली आणि मर्यादा 48 गिगाबिटांपर्यंत गेली. पण ती पद्धत ऐच्छिक आहे. 2.1 आल्यावर 2.0 हा वेगळा दर्जा नियमांत उरला नाही, त्यामुळे जुन्या 18 गिगाबिटांच्या क्षमतेचं पोर्टही "एचडीएमआय 2.1" म्हणून विकता येतं, आणि ते नियमाला धरून असतं.

म्हणून आवृत्ती विचारू नका, आकडा विचारा: "या एचडीएमआय पोर्टवर पूर्ण रिझोल्यूशनला कमाल किती हर्ट्झ?" तांत्रिक तक्त्यात 2.1 च्या पुढे टीएमडीएस लिहिलेलं दिसलं तर ते जुन्या क्षमतेचं पोर्ट समजा. एफआरएल लिहिलेलं असेल तर नवी पद्धत आहे, पण तिथेही 24, 40, 48 अशा वेगवेगळ्या पायऱ्या असतात, तेव्हा शेजारचा गिगाबिटांचा आकडाही वाचा.

## 6. मॉनिटरचा मेनू उघडा

पोर्ट पुरेसं असूनही आकडा येत नसेल तर मॉनिटरच्या मेनूत शिरा. जुन्या ग्राफिक्स कार्डांशी जमावं म्हणून काही मॉनिटरांत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती बदलायची सोय असते, आणि ती खालच्या आवृत्तीवर ठेवलेली असू शकते. डिस्प्लेपोर्ट 1.1 वर चित्रासाठी 8.64 गिगाबिटच मिळतात, म्हणजे आपल्या मॉनिटरला पुन्हा 75 च. ती 1.2 किंवा 1.4 करा. एचडीएमआयसाठीही तशीच निवड काही ठिकाणी असते.

काही मॉनिटरांचा मूळ दर 144 असतो आणि 165 किंवा 170 हा वाढवलेला दर मेनूतून वेगळा चालू करावा लागतो. तो `Overclock` या नावाखाली सापडतो. चालू केल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, मग पायरी 1 मधली यादी पुन्हा उघडा.

एनव्हिडिया कार्ड असेल आणि एचडीएमआय वापरत असाल, तर `NVIDIA Control Panel` मध्ये `Change resolution` इथेही नजर टाका. तिथली यादी दोन भागांत असते. वरच्या `Ultra HD, HD, SD` या भागात टीव्हीसाठीचे दर असतात, आणि मॉनिटरचे वरचे दर बऱ्याचदा खालच्या `PC` या भागात असतात. वरचाच भाग बघून अनेकजण यादी बंद करतात.

## 7. आता केबल

केबल सातव्या पायरीवर का, असं विचाराल. कारण पहिला संशय केबलवर जातो आणि पहिला खर्चही तिच्यावरच होतो, पण पोर्टनेच हात वर केले असतील तर केबल बदलून काही फरक पडत नाही. पोर्टं पुरेशी आहेत हे हिशेबाने ठरलं, की मगच केबलचा विचार करा.

वाईट केबलची लक्षणं ओळखता येतात. एचडीएमआय 1.4 आणि 2.0 मध्ये कॉम्प्युटर केबलचा दर्जा तपासत नाही. दोन्ही टोकांना जमत असेल तर तो सिग्नल पाठवून मोकळा होतो. केबल कमी पडली तर चित्रात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, पडदा मधूनच सेकंदभर काळा होतो, किंवा सिग्नल नाही असा संदेश येतो. माझं टेबल कॅबिनेटपासून लांब होतं म्हणून मी टीव्हीची जुनी पाच मीटरची एचडीएमआय केबल लावून बघितली होती. 60 वर तिचं चित्र स्वच्छ. 144 केल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा व्हायचा. 120 वर आणल्यावर तासाभरात एकदाच झाला. वेग उतरवला की त्रास कमी होतो, हीच केबलची खूण. ड्रायव्हरची किंवा मॉनिटरची अडचण सहसा अशी वेगाच्या प्रमाणात वागत नाही.

डिस्प्लेपोर्टचं वागणं वेगळं आहे. तिथे जोडणी होताना दोन्ही टोकं आपसांत वेग ठरवून घेतात. वरचा वेग केबलला झेपला नाही तर ती खालच्या पायरीवर जुळवून घेतात. चित्र छान दिसतं, ठिपके नाहीत, काळा पडदा नाही, फक्त यादीतले वरचे दर नाहीसे होतात किंवा निवडल्यावर टिकत नाहीत. त्यामुळे डिस्प्लेपोर्ट असूनही 165 येत नसेल, तर दुसरी, आखूड केबल लावून बघणं ही मी पहिली चाचणी मानतो. त्याआधी तीच केबल दोन्हीकडून काढून खट् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबल्सना कुलूप असतं, अर्धवट बसलेली केबल सहज फसवते.

विकत घेताना: एचडीएमआयच्या केबलला अधिकृतपणे आवृत्तीचा आकडा नसतो, दर्जाचं नाव असतं. 18 गिगाबिटांसाठी `Premium High Speed`, 48 साठी `Ultra High Speed`. यांच्या पाकिटावर मोबाइलने तपासता येणारं लेबल असतं, ते दुकानातच स्कॅन करा. नुसतं "2.1 केबल" किंवा "8K केबल" छापलेलं असणं म्हणजे चाचणी झालीच असं नाही. डिस्प्लेपोर्टमध्ये 1.4 च्या पूर्ण वेगासाठी प्रमाणित केबलवर `DP8K` अशी खूण असते.

लांबी शक्य तितकी कमी ठेवा. दीड ते दोन मीटरच्या आत त्रास क्वचित होतो. सोन्याचा मुलामा किंवा जाड विणीचं आवरण यांचा या मर्यादेशी संबंध नाही.

## 8. कन्व्हर्टर, हब आणि टाइप-सी

लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट नाही, मॉनिटरला आहे, म्हणून लोक दुकानातून "एचडीएमआय टू डिस्प्लेपोर्ट" आणतात. बाजारातल्या बहुतेक स्वस्त केबल्स एकाच दिशेने चालतात: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट लावल्यावर काहीच दिसत नाही. उलट्या दिशेसाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, त्याला बऱ्याचदा यूएसबीवरून वेगळी वीज द्यावी लागते, आणि तो लावूनही लॅपटॉपच्या एचडीएमआयची मर्यादा ओलांडता येत नाही. माझ्या लॅपटॉपच्या 8.16 मधून कन्व्हर्टर 16.3 काढू शकत नाही.

खरा पर्याय टाइप-सी पोर्टचा आहे, पण तिथेही आधी बघावं लागतं. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. पोर्टशेजारी विजेच्या कडाडण्याची किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल, अथवा तांत्रिक तक्त्यात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लिहिलेला असेल, तरच पुढे जा.

असेल, तर हब न घेता टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या. टाइप-सीमध्ये चित्रासाठी चार मार्गिका वापरता येतात. सरळ केबल चारही चित्राला देते. यूएसबीची वेगवान भोकं असलेला हब मात्र बऱ्याचदा दोन मार्गिका डेटासाठी काढून घेतो आणि चित्राला दोनच उरतात, म्हणजे जागा निम्मी. डिस्प्लेपोर्ट 1.4 च्या 25.92 चे 12.96 होतात. पायरी 3 ची यादी बघा: 120 हर्ट्झचे 11.6 त्यात बसतात, 144 चे 14.1 बसत नाहीत. डिस्प्लेपोर्ट 1.2 दर्जाच्या लॅपटॉपवर हेच निम्मे 8.64 होतात आणि आपण पुन्हा 75 वर येतो. शिवाय हबच्या एचडीएमआयवर "4K 30 हर्ट्झ" असं लिहिलेलं दिसलं तर ते 1.4 दर्जाचं समजून बाजूला ठेवा.

## 9. एचडीआर लावल्यावर आकडा खाली येतो तेव्हा

पायरी 3 मध्ये आपण प्रत्येक रंगाला 8 बिट धरले. एचडीआर चालू केलं किंवा 10 बिटांचा रंग निवडला, की एका ठिपक्याचे 24 ऐवजी 30 बिट होतात आणि सगळे आकडे सव्वापट होतात. 144 चे 14.1 वाढून 17.6 होतात, म्हणजे एचडीएमआय 2.0 मधून बाहेर. काल 144 दिसत होतं आणि आज नाही, अशी तक्रार असेल तर आधी `Bit depth` बघा. डिस्प्लेपोर्ट 1.4 वर 165 चे 20.4 होतात, ते आरामात बसतात.

जागा कमी पडली की काही वेळा ड्रायव्हर हर्ट्झ कमी न करता रंगांची माहिती कमी करतो. तेव्हा `Color format` समोर `RGB` ऐवजी `YCbCr` आणि `4:2:2` किंवा `4:2:0` दिसतं. सिनेमात हे जाणवत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल-निळ्या बारीक अक्षरांच्या कडा फिकट आणि पसरट दिसतात. मी दिवसभर कोड वाचतो, त्यामुळे हा सौदा मला परवडत नाही. मी 120 घेईन, पण `RGB` ठेवीन.

4K 144 हर्ट्झचा मॉनिटर घेणाऱ्यांसाठी एवढंच: दिसणारे ठिपकेच 28.7 गिगाबिट मागतात, आणि डिस्प्लेपोर्ट 1.4 कडे 25.92 आहेत. तिथे डीएससी नावाची, चित्राची माहिती दाबून लहान करण्याची पद्धत लागते, जी मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही यावी लागते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 10 मालिकेला ती येत नाही. म्हणजे माझ्या 1060 ला असा मॉनिटर डिस्प्लेपोर्टने लावला तर 8 बिट रंगांत 120 पर्यंतच जाता येईल, तेही काठावर.

## 10. पोर्टच कमी पडत असेल तर

लॅपटॉपला एचडीएमआय 1.4 खेरीज काहीच नसेल, तर पायरी 3 च्या यादीतला 75 हाच त्यावर मावणारा सर्वांत मोठा दर आहे आणि 100 सॉफ्टवेअरने मिळत नाही. `CRU` सारख्या साधनांनी स्वतःचे दर लिहिता येतात, पण पोर्टची जागा वाढत नाही. गेम खेळताना रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वर आणलं तर त्याच पोर्टमधून 120 हर्ट्झ जातात, मॉनिटरने तो दर एचडीएमआयवर घेतला पाहिजे एवढीच अट. चित्र थोडं मऊ दिसतं, हालचाल मात्र सुरळीत होते. कामाच्या वेळी मी लॅपटॉप 75 वरच ठेवतो, अक्षरं वाचायला तेवढं पुरतं. संध्याकाळी डेस्कटॉप लावला की मॉनिटरच्या मेनूतून डिस्प्लेपोर्ट निवडतो. दोन्ही केबल्स कायम जोडलेल्या असतात, म्हणून मागे हात घालावा लागत नाही. लॅपटॉपसाठी खोक्यात आलेली एचडीएमआय, आणि डेस्कटॉपसाठी भाच्याकडून आणलेली दीड मीटरची डिस्प्लेपोर्ट, जी मी अजून त्याला परत दिलेली नाही.